बेअरिंग जाण्याआधी मोटार काय सांगते?

वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीतल्या एखाद्या जुन्या फिटरला विचारा, मोटारचे बेअरिंग तपासायचे कसे? तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेईल, टोक मोटारच्या झाकणावर बेअरिंगच्या जागी टेकवेल आणि मूठ कानाला लावेल. "वाजतंय," एवढे तो म्हणाला की पुढच्या सुटीच्या दिवशी पुलर लावून बेअरिंग काढायचे ठरते. बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. अडचण निराळी आहे. कानाला ऐकू येईपर्यंत कडीवरची खपली निघून गेलेली असते, आणि एका फिटरच्या वाट्याला इतक्या मोटारी असतात की प्रत्येकीला कान लावायला आठवडा पुरत नाही.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या अवतीभवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या शॉपची वस्ती वाढली. अशा शॉपमध्ये मोठी, महागडी मोटार क्वचितच असते. कूलंटचा पंप, हायड्रॉलिक पॉवर पॅक, धूर ओढणारा ब्लोअर अशा ठिकाणी एक ते दहा एचपीच्या, चार पोलच्या, पाटीवर १४४० आरपीएम लिहिलेल्या मोटारी असतात. मोटारची किंमत फार नसते, पण ती बसली की तिच्यामागे उभे असलेले मशिन बसते. या मोटारींसाठी लाखोंची तपासणी यंत्रणा कोणी घेणार नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा : एक कंपनमापक सेन्सर, चार-पाच साधे आकडे आणि अगदी छोटा वर्गीकरणाचा प्रोग्राम एवढ्यावर बेअरिंगचा दोष ओळखता येतो का? येतो. मात्र त्यातले बरेचसे काम प्रोग्रामच्या आधी, बेअरिंगची भूमिती समजून घेण्यातच होते.

दोन एचपीची मोटार घेऊ. तिच्यात बहुधा ६२०५ नंबरचे बेअरिंग असते : आतले भोक २५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ५२. आतली कडी शाफ्टवर घट्ट बसलेली आणि त्याच्याबरोबर फिरणारी. बाहेरची कडी मोटारच्या झाकणात स्थिर. दोन्हींच्या मधे साधारणपणे नऊ छर्रे, आणि त्यांना सारख्या अंतरावर धरून ठेवणारा पिंजरा, म्हणजे केज. शाफ्टचा एक फेरा पूर्ण होतो तेव्हा पिंजरा मात्र ०.३९८३ फेराच पुढे सरकलेला असतो, कारण छर्रे एका बाजूने फिरत्या आणि दुसऱ्या बाजूने स्थिर कडीवर लोळत असतात.

आता समजा बाहेरच्या कडीवर एक बारीक खड्डा पडला. त्यावरून जाणारा प्रत्येक छर्रा एक ठोका देईल. शाफ्टच्या एका फेऱ्यात किती छर्रे जातील? नऊ गुणिले ०.३९८३, म्हणजे सुमारे ३.५८५. खड्डा आतल्या कडीवर असेल तर ती कडी स्वतःच फिरत असते. तिच्या दृष्टीने पिंजरा दर फेऱ्याला उरलेले ०.६०१७ मागे पडतो, म्हणून ठोके नऊ गुणिले ०.६०१७, म्हणजे सुमारे ५.४१५. छर्ऱ्यावरच चीर असेल तर तो स्वतःभोवती फिरताना ती चीर एकदा आतल्या आणि एकदा बाहेरच्या कडीवर आपटते आणि शाफ्टच्या एका फेऱ्यात सुमारे ४.७१४ ठोके पडतात.

१४४० आरपीएम म्हणजे सेकंदाला २४ फेरे. तेव्हा या मोटारीत बाहेरच्या कडीचा दोष सेकंदाला ८६ ठोके देईल, आतल्या कडीचा १३० आणि छर्ऱ्याचा ११३. हे तीन आकडे कागदावर हाताने काढता येतात आणि निदानाचा कणा तेच आहेत. कुठल्या बेअरिंगला कुठला गुणक लागतो हे बनवणाऱ्याच्या तक्त्यात मिळते. मोटारीवर बेअरिंगचा नंबर लिहिलेला नसेल तर मात्र पुढचे सगळे अंधारात चालते. रिवाइंडिंगवाल्याने मागच्या वेळी कुठल्या कंपनीचे, किती छर्ऱ्यांचे बेअरिंग घातले हे कुठेच नोंदलेले नसणे, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे.

मग कंपन मोजायचे, त्याचा फ्रिक्वेन्सीचा आलेख काढायचा आणि ८६ हर्ट्झला काठी उभी दिसते का ते बघायचे, एवढे सोपे आहे का? नाही. त्या भागात मोटारचे इतर आवाज दणक्यात चाललेले असतात. रोटरचा तोल जरा बिघडलेला असेल तर २४ हर्ट्झला मोठी काठी. कपलिंग सरळ रेषेत नसेल तर ४८ला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चुंबकीय ओढीचे कंपन १०० हर्ट्झला. या गर्दीत सुरुवातीच्या खड्ड्याचा ठोका हरवून जातो, कारण त्यातली ऊर्जा थोडी असते आणि ठोका मिलिसेकंदाच्याही अंशात संपतो.

पण त्या ठोक्याचा एक परिणाम वरच्या फ्रिक्वेन्सीला दिसतो. देवळातली घंटा टोल्याने वाजते तेव्हा तिचा नाद तिच्या स्वतःच्या उंचीचा असतो, आपण दर मिनिटाला किती टोले दिले त्याच्याशी त्या उंचीचा संबंध नसतो. मोटारचे झाकण आणि बेअरिंगची कडी यांचेही तसेच. दर ठोक्याला ती काही हजार हर्ट्झवर क्षणभर झणझणतात आणि शांत होतात. तोल बिघडणे किंवा चुंबकीय गुणगुण या गोष्टी एवढ्या वर सहसा पोचत नाहीत. म्हणून आधी समजा २००० ते ५००० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवायचा आणि बाकीचे गाळून टाकायचे. उरलेल्या झणझणाटाचा चढउतार, म्हणजे त्याची वरची बाह्यरेषा काढायची. तिलाच एन्व्हलप म्हणतात. मग फ्रिक्वेन्सीचा आलेख मूळ कंपनाचा न काढता या बाह्यरेषेचा काढायचा. झणझणाट किती वेळा उठतो ते आता स्वच्छ दिसते : ८६, १३० किंवा ११३. ही युक्ती १९७०च्या दशकात हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्सच्या बेअरिंगसाठी वापरली गेली आणि आजही तिला मागे टाकणारे फारसे काही आलेले नाही.

याच ठिकाणी अनेक विद्यार्थी प्रकल्पांचा घात होतो. दुकानात दीड-दोनशे रुपयांना मिळणारा एमपीयू-६०५० हा सेन्सर ड्रोन आणि खेळण्यांसाठी बनलेला आहे. त्याचा कंपनमापक सेकंदाला जास्तीत जास्त हजार वाचने देतो आणि २६० हर्ट्झच्या वरचे कंपन त्यात नीट उतरतच नाही. झणझणाट असतो तीन हजार हर्ट्झवर, तेव्हा हा सेन्सर बेअरिंगच्या दोषाला सुरुवातीला बहिराच राहतो. तोल बिघडल्याचे तो छान सांगेल, आणि मग विद्यार्थ्याला वाटते की आपला प्रोग्राम चुकतो आहे. एडीएक्सएल-३४५ थोडा बरा, पण तोही १६०० हर्ट्झपर्यंतच. या कामाला निदान पाच हजार हर्ट्झपर्यंत ऐकणारा सेन्सर हवा : अॅनालॉग बाहेर देणारा एडीएक्सएल-१००२ किंवा कारखान्यात वापरतात तो पायझो जातीचा. तो मोटारच्या पंख्याच्या जाळीवर किंवा टर्मिनल बॉक्सवर लावायचा नाही. बेअरिंग ज्या झाकणात बसले आहे त्याच्या ओतीव भागावर, रंग खरवडून, स्क्रूने नाहीतर चांगल्या चुंबकाने घट्ट बसवायचा. हातात धरून दाबलेला सेन्सर साधारण हजार हर्ट्झच्या वर भरवशाचा राहत नाही. पट्ट्यावर चालणारी मोटार असेल तर ज्या बाजूला पट्टा ओढतो ती बाजू निवडावी, कारण भार तिकडे असतो आणि ठोकाही तिकडेच जोराचा पडतो.

एवढे झाले की प्रोग्राम खरोखर लहान राहतो. चार सेकंदांचे वाचन घ्यायचे आणि त्यातून पाच आकडे काढायचे. पहिला, एकूण कंपन किती, म्हणजे आरएमएस. दुसरा, कंपनात मधूनच उसळणारे टोक किती, म्हणजे कर्टोसिस. नुसत्या सरसर गोंगाटाचे कर्टोसिस ३ च्या आसपास असते, ठोके पडू लागले की ते वाढते. उरलेले तीन, एन्व्हलपच्या आलेखात आपल्या तीन जागांवरच्या काठ्या आजूबाजूच्या गोंगाटाच्या किती पट आहेत.

```python
import numpy as np
from scipy.signal import butter, sosfiltfilt, hilbert
from scipy.stats import kurtosis

def features(x, fs, fr):
    x = x - x.mean()
    sos = butter(4, [2000, 5000], btype="band",
                 fs=fs, output="sos")
    env = np.abs(hilbert(sosfiltfilt(sos, x)))
    env = env - env.mean()
    S = np.abs(np.fft.rfft(env * np.hanning(len(env))))
    f = np.fft.rfftfreq(len(env), 1 / fs)
    base = np.median(S[(f > 5) & (f < 500)])
    out = [np.sqrt(np.mean(x**2)), kurtosis(x, fisher=False)]
    for m in (3.585, 5.415, 4.714):
        near = np.abs(f - m * fr) < 0.02 * m * fr
        out.append(S[near].max() / base)
    return out
```

यात `fs` म्हणजे सेकंदाला वाचने आणि `fr` म्हणजे शाफ्टचे सेकंदाला फेरे. ०.०२ हा आकडा मुद्दाम ठेवला आहे. छर्रे लोळताना थोडे घसरतात, म्हणून खरी काठी हिशेबाच्या जागेपासून टक्का-दोन टक्के सरकलेली सापडते. त्याच ठिकाणी बोट ठेवून बघितले तर ती निसटते. `fr` मात्र मोजूनच द्यायचा, पाटीवर विसंबायचे नाही. १४४० हा वेग पूर्ण भाराचा असतो. भार हलका झाला की मोटार १४८०च्या पुढे जाते, आणि व्हीएफडीवर असेल तर ऑपरेटरने नॉब कुठे ठेवला आहे त्यावर सगळे अवलंबून.

हे पाच आकडे द्यायचे कुणाला? तीन पातळ्यांच्या निर्णयवृक्षाला, म्हणजे जास्तीत जास्त सात प्रश्न असलेल्या प्रोग्रामला. बाहेरच्या कडीची काठी गोंगाटाच्या अमुक पटीपेक्षा उंच आहे का? नसेल तर आतल्या कडीची? तीही नसेल तर कर्टोसिस किती? असे प्रश्न, आणि त्यातले आकडे प्रोग्राम नोंदींवरून स्वतः ठरवतो. तयार झालेला वृक्ष फार तर सात `if` मध्ये मावतो आणि ईएसपी-३२ सारख्या काही शे रुपयांच्या बोर्डवर बसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याने "आतली कडी" म्हटले तर का म्हटले हे फिटरला दाखवता येते. हजारो गुणकांच्या न्यूरल नेटवर्कला ते सांगता येत नाही, आणि ज्याचे कारण कळत नाही त्या इशाऱ्यावर शॉपमध्ये कोणी मशिन थांबवत नाही.

या विषयावर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने एक संग्रह वापरलेला असतो. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने दोन एचपीच्या मोटारीत ६२०५ बेअरिंग बसवून घेतलेल्या नोंदी त्यात आहेत. म्हणजे नेमके आपल्या उदाहरणातलेच बेअरिंग. त्यांनी ईडीएमने, आपल्या टूलरूममध्ये स्पार्कने डाय खोदतात त्याच पद्धतीने, कड्यांवर आणि छर्ऱ्यांवर बारीक खड्डे पाडले : ०.००७, ०.०१४ आणि ०.०२१ इंच व्यासाचे, म्हणजे सुमारे ०.१८, ०.३६ आणि ०.५३ मिलिमीटर. मग बिनभारापासून तीन एचपी भारापर्यंत कंपन नोंदवले. तिकडची वीज ६० हर्ट्झची असल्याने त्यांची मोटार बिनभार १७९७ आरपीएमने फिरते, आणि बाहेरच्या कडीची काठी १०७ हर्ट्झला येते, आतल्या कडीची १६२ला. हे आकडे जसेच्या तसे उचलून वाळूजच्या मोटारीत शोधणाऱ्याला काहीच सापडणार नाही.

या नोंदी जवळून पाहिल्या की साध्या आकड्यांचा स्वभाव कळतो. बिनभार, ०.००७ इंचाच्या खड्ड्याच्या नोंदींचे कर्टोसिस काढा. निरोगी बेअरिंगचे ३च्या जरा खाली येते. आतल्या कडीच्या दोषाचे ५च्या पुढे जाते, बाहेरच्या कडीचे ७च्याही पुढे. इथपर्यंत आनंद आहे. छर्ऱ्याच्या दोषाचे मात्र पुन्हा ३च्या आसपासच येते, कर्टोसिसच्या दृष्टीने ते बेअरिंग निरोगी आहे. छर्रा लोळताना स्वतःचा अक्ष बदलत राहतो, त्यामुळे चीर कधी कडीवर आपटते आणि कधी दोन्ही कड्यांना न लागता हवेतच फिरून जाते. पुढची गंमत अशी की बाहेरच्या कडीच्या ०.०१४ इंचाच्या खड्ड्याची नोंद ०.००७च्या नोंदीपेक्षा कितीतरी शांत आहे. दुप्पट खड्डा, पण कंपन कमी. बेअरिंग वेगळे, ते बसवतानाचे हात वेगळे, खड्ड्याच्या कडा वेगळ्या. खड्ड्याचा आकार आणि कंपनाची मात्रा यांचे सरळ गणित नाही, हे या एका जोडीवरून कळून येते.

असे असताना या संग्रहावर ९९ टक्क्यांच्या वर अचूकता मिळाल्याचे शोधनिबंध ढिगाने का निघतात? उत्तर परीक्षेच्या पद्धतीत आहे. प्रत्येक नोंद साधारण दहा सेकंदांची. तिचे छोटे तुकडे करतात, सगळे तुकडे पिसतात आणि काही शिकवायला, काही परीक्षेला ठेवतात. म्हणजे एकाच बेअरिंगच्या, एकाच दिवशीच्या, एकाच सेन्सरच्या नोंदीचे तुकडे दोन्हीकडे जातात. प्रोग्राम दोष ओळखायला शिकतच नाही, ते विशिष्ट बेअरिंग ओळखायला शिकतो. पेपर आधी फुटलेला असतो.

याहून मजेशीर सापळा निरोगी नोंदींचा आहे. त्या सेकंदाला ४८,००० वाचनांनी घेतलेल्या आहेत आणि दोषांच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या नोंदी १२,०००नी. दोन्ही एकाच वेगाला न आणता कोणी एकत्र केल्या तर प्रोग्राम नमुनावेगावरून "निरोगी" आणि "दोषी" वेगळे करतो, तेही शंभर टक्के बरोबर. बेअरिंगकडे त्याने पाहिलेलेसुद्धा नसते.

प्रामाणिक परीक्षा एकच. परीक्षेतले बेअरिंग शिकवणीत कधीच आलेले नसावे. कोडमध्ये ती चार-पाच ओळींची गोष्ट आहे.

```python
from sklearn.tree import DecisionTreeClassifier
from sklearn.model_selection import LeaveOneGroupOut, cross_val_predict

tree = DecisionTreeClassifier(max_depth=3, class_weight="balanced")
pred = cross_val_predict(tree, X, y, groups=bearing_id,
                         cv=LeaveOneGroupOut())
```

`bearing_id` हा रकाना भरायचा राहिला की बाकीचे सगळे व्यर्थ. केस वेस्टर्नच्या दोषांसाठी ०.००७ आणि ०.०२१ वर शिकवून ०.०१४ वर परीक्षा घेता येते, आणि तशी घेतली की ९९ टक्क्यांचा तोरा उतरतो. निरोगी बेअरिंगची मात्र अशी परीक्षा या संग्रहात होऊच शकत नाही, कारण ड्राइव्ह एंडला निरोगी बेअरिंग एकच आहे. ते बाजूला काढले तर निरोगी म्हणजे काय हे शिकवायला काही उरत नाही. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या वेड स्मिथ आणि रॉबर्ट रँडल यांनी २०१५ मध्ये या नोंदी एक-एक करून जुन्या, जाणत्या पद्धतींनी तपासल्या. काही नोंदींत दोष लख्ख दिसतो, काहींत अनुभवी माणसालाही सापडत नाही, आणि छर्ऱ्याचे दोष सर्वांत अवघड, असे त्यांना आढळले. माझ्या मते या विषयात शिरणाऱ्याने एखादे नवे नेटवर्क शिकण्याआधी तो निबंध वाचावा.

पाच आकड्यांपैकी नव्या बेअरिंगवर कोणते टिकतात हेही अशा परीक्षेतून कळते. आरएमएस टिकत नाही. ते मोटारच्या पायावर, भारावर आणि सेन्सर कसा बसवला त्यावर बदलते, आणि एका मोटारीचे निरोगी आरएमएस दुसरीच्या दोषी आरएमएसहून जास्त असू शकते. एन्व्हलपमधल्या तीन पटी बऱ्यापैकी टिकतात, कारण त्या त्याच नोंदीतल्या गोंगाटाशी ताडून घेतलेल्या आहेत आणि त्यांची जागा भूमितीने ठरलेली आहे. कर्टोसिस या दोहोंच्या मधे.

शॉपमध्ये आल्यावर आणखी एक पेच पडतो : दोषाच्या नोंदी आणायच्या कुठून? चालू कारखान्यात कोणी मुद्दाम खराब बेअरिंग बसवून देणार नाही. त्यावर चालण्यासारखी वाट अशी. मोटार नवी किंवा बेअरिंग ताजे असताना दोन-तीन आठवडे रोज, शक्यतो सारख्याच भाराला, चार सेकंदांची वाचने घेऊन ठेवायची. त्यावरून त्याच मोटारीची नेहमीची पातळी ठरवायची आणि पुढचा प्रत्येक आकडा तिच्या तुलनेत मोजायचा. इथे आरएमएसही कामाचे ठरते, कारण तुलना स्वतःशीच आहे. नेहमीच्या पातळीपासून आकडे सरकू लागले की दोष कुठला हे निर्णयवृक्षाला विचारायचे.

सरकणे कसे दिसते याची नोंद सिनसिनाटी विद्यापीठाच्या चाचणीत आहे. एका शाफ्टवर चार रोलर बेअरिंगे, २००० आरपीएम, वर ६००० पौंडांचा भार, आणि बेअरिंग मोडेपर्यंत थांबायचे नाही. फेब्रुवारी २००४ मधल्या एका चाचणीत दर दहा मिनिटांनी एक सेकंद नोंदवला गेला, अशा ९८४ फायली जमल्या, म्हणजे जवळजवळ सात दिवस. शेवटी एका बेअरिंगची बाहेरची कडी गेली. एन्व्हलपच्या आलेखात तिची खूण साधारण निम्म्या वाटेवरच उमटू लागते. आरएमएस मात्र सरळ चढत नाही. ते वाढते, मग काही काळ उतरते, पुन्हा वाढते. खड्ड्याच्या धारदार कडा छर्रे-रोलर घासून गुळगुळीत करतात तेव्हा बेअरिंग बरे झाल्यासारखे वाटते. कर्टोसिसचेही तसेच : नुकसान सगळ्या कडीभर पसरले की ठोके एकमेकांत मिसळून सरसर गोंगाट होतो आणि आकडा पुन्हा ३कडे येतो. म्हणून एकदा लागलेला इशारा आकडा उतरला म्हणून आपोआप पुसला जाऊ देऊ नये. फिटर तो बघूनच बंद करील अशी सोय ठेवावी.

असेच फसवे दिलासे ग्रीसही देते. वाजणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरले की ते काही दिवस शांत होते, हे प्रत्येक शॉपला ठाऊक आहे. म्हणून ग्रीस कधी घातले याची तारीख वाचनांच्या शेजारीच हवी, नाहीतर प्रोग्राम त्याला सुधारणा समजेल. उलट्या बाजूचे खोटे इशारेही येतात. शेजारच्या पॉवर प्रेसचा प्रत्येक धक्का जमिनीतून मोटारीपर्यंत पोचतो आणि कर्टोसिस उसळते, पण त्याचा ताल प्रेसचा असतो, ८६ किंवा १३० हर्ट्झचा नसतो. पंपात पाणी कमी पडून पोकळ्या फुटू लागल्या की दोन-पाच हजार हर्ट्झचा पट्टा भरून जातो, तरी तिथे ठरावीक ताल नसतो. व्हीएफडीचा स्विचिंगचा आवाज तर नेमका याच पट्ट्यात पडू शकतो. तेव्हा व्हीएफडीची कॅरिअर फ्रिक्वेन्सी किती ठेवली आहे ते बघून गाळणीचा पट्टा बाजूला सरकवावा लागतो. या तिन्ही वेळी बेअरिंगच्या जागांवरची काठी उभी राहत नाही, आणि निर्णय तिच्यावरच सोपवला असेल तर प्रोग्राम सहसा गप्प राहतो. नुसत्या आरएमएसवर किंवा कर्टोसिसवर ठेवलेला इशारा मात्र दिवसभर वाजत बसेल, आणि चौथ्या दिवशी कोणीतरी त्याची वायर काढून ठेवेल.

या पद्धतीला न दिसणारे काही आहे का? आहे. ग्रीस सुकून बेअरिंग तापू लागले, धूळ जाऊन कड्या सगळीकडून सारख्या घासल्या गेल्या, तर ठरावीक तालाचा ठोका पडतच नाही. तिथे तापमान मोजणारा साधा सेन्सर जास्त कामाचा. मिनिटाला शंभरच्या आत फिरणाऱ्या शाफ्टवरही ठोके इतके सौम्य आणि विरळ पडतात की चार सेकंदांत काही हाती लागत नाही. आणि किती दिवस उरले हे या पाच आकड्यांवरून सांगता येत नाही. दोष आहे आणि कुठल्या भागावर आहे, एवढेच कळते. पुढच्या सुटीच्या दिवशी पुलर काढायचा का, हे ठरवायला तेवढे पुरते.

ज्यांना हे आपल्या शॉपमध्ये करून बघायचे आहे त्यांनी सुरुवात सेन्सरपासून करू नये. आधी प्रत्येक मोटारीच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगचा नंबर आणि बनावट एका वहीत लिहून काढा. आणि यापुढे काढलेले बेअरिंग भंगारात टाकण्याआधी त्याची बाहेरची कडी ग्राइंडरने कापून आत बघा. खड्डा बाहेरच्या कडीवर होता, आतल्या कडीवर, छर्ऱ्यावर, की कुठेच नव्हता, ते तारखेसह त्याच वहीत लिहा आणि मोबाइलवर फोटो घ्या. निर्णयवृक्ष बरोबर बोलला की चूक, हे ठरवणारा पुरावा त्या कापलेल्या बेअरिंगशिवाय दुसरीकडे कुठेही मिळत नाही.